चेमूल ते चौल : एका नावाचा माग

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका गावच्या स्मरणिकेसाठी मी चौलवर चार पानांचा लेख लिहिला होता. तेव्हा माझा अभ्यास म्हणजे सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून केलेली टिपणे. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी ठोकून दिले होते, की या गावाचे मूळ नाव ‘चंपावती’, इथे चाफ्याची बने होती आणि ‘चंपावती’चा अपभ्रंश होऊन ‘चौल’ झाले. हे मी कुठेतरी वाचले होते आणि स्थानिक माहात्म्यकथांतही ऐकले होते. लेख छापून आला आणि आठवड्याभरात एका निवृत्त संस्कृत शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच ओळी होत्या : ‘चंपावतीचे चौल कसे झाले ते एकेक पायरी दाखवून सांगाल का? ‘ल’ कुठून आला?’

मला उत्तर देता आले नाही. ‘अपभ्रंश झाला’ हे दोन शब्द मी उत्तर म्हणून वापरत होतो. ते उत्तर नसून उत्तर टाळण्याची सोय होती, हे त्या दिवशी कळले. पुढची काही वर्षे त्या ‘ल’च्या मागे गेली. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे. चौलचे जुने नाव काय होते याबरोबरच, ते शोधायचे कसे आणि कुठे पाय घसरतो, हेही त्यात येईल.

आधी चंपावतीचा निकाल लावू. शब्द झिजतात, पण वाटेल तसे झिजत नाहीत. संस्कृत-प्राकृतातून मराठीत येताना कोणता ध्वनी कशात बदलतो याची काही ठरावीक वळणे आहेत. ‘चंपक’ या शब्दाचे मराठीत काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे : चाफा. ‘म्प’ या जोडाक्षरातला ओष्ठ्य ध्वनी टिकला. तेव्हा ‘चंपावती’तून आलेल्या नावात ‘प’ किंवा ‘फ’ उरायला हवा. शेवटच्या ‘वती’चे प्राकृतात ‘वई’ होते. ‘पद्मावती’चे ‘पउमावई’ झाले तसे. म्हणजे फार तर ‘चांपावई’, ‘चाफोई’ असे काहीतरी अपेक्षित आहे. ‘चौल’मध्ये ना ‘प’ आहे ना ‘फ’, आणि ‘चंपावती’मध्ये तर ‘ल’ औषधालाही नाही. उलट बाजूने पाहिले की गोष्ट उलगडते. गाव जुने, नावाचा अर्थ लागत नाही, मग कुणा विद्वानाने त्याला शोभेसे संस्कृत नाव दिले. अशी नावे नंतर मागे चिकटवलेली असतात. स्थलनामांच्या अभ्यासात सगळ्यांत जास्त फसवणूक अशा सुंदर नावांकडूनच होते.

मग खरा पुरावा कुठला? पहिला मिळतो तो चौलपासून दूर, साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दानकर्त्यांची गावे नोंदलेली आहेत : कल्याण, सोपारा, नाशिक. त्यांतच एका पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. टाक्याला तिथे ‘पोढी’ म्हटले आहे. दाता रोहिणिमित नावाच्या माणसाचा मुलगा, हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्यांपैकी, आणि राहणारा ‘चेमूल’चा. लेख सातवाहनकाळाच्या सुमाराचा. मूळ शब्दाला ‘अमुक गावचा’ असे सांगणारा प्रत्यय लागलेला आहे. तो काढला की गावाचे नाव हाती येते. हा प्रत्यय काढण्याचा विसर पडला तर ‘चेमूलक’ नावाचे वेगळेच गाव नकाशावर उभे राहते.

या लेखाचे मोल दोन कारणांनी मोठे आहे. तो दगडावर आहे, म्हणजे मधल्या काळात कोणा नकलनविसाने त्यात हात घातलेला नाही. आणि तो स्थानिक माणसाने स्थानिक भाषेत कोरून घेतलेला आहे. त्याची एक उणीव मात्र लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. त्या काळच्या प्राकृत ब्राह्मी लेखांत द्वित्त व्यंजन लिहीत नसत. उच्चार ‘चेमुल्ल’ असला तरी लिहिताना एकच ‘ल’ येई.

आता परदेशी प्रवाशांकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक बंदर-वर्णनात कल्याणनंतर दक्षिणेकडच्या बंदरांची यादी आहे. तिचे पहिले नाव ‘सेमुल्ला’. इसवी सन 150च्या सुमाराचा टॉलेमी ‘सिमुल्ला’ लिहितो. नावे जवळची वाटतात, पण ‘वाटणे’ हा पुरावा नव्हे. ‘स’चा ‘च’ कसा मानायचा? याचे उत्तर टॉलेमीनेच न कळत देऊन ठेवले आहे. आधीच्या मारिनस नावाच्या भूगोलकाराने सिमुल्लाची जागा चुकवली, ती सिंधूच्या पश्चिमेला दाखवली, असा आक्षेप घेताना तो सांगतो, की तिथे जाऊन आलेल्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे बंदर सिंधूच्या मुखांच्या दक्षिणेला आहे आणि तिथले लोक त्याला ‘तिमूला’ म्हणतात.

एकाच गावाची दोन नावे, एकाच्या सुरुवातीला ‘स’ आणि दुसऱ्याच्या ‘त’. ग्रीक भाषेत ‘च’ हा ध्वनी नाही आणि त्यासाठी अक्षरही नाही. ‘च’ उच्चारताना जीभ आधी ‘त’सारखी टेकते आणि मग ‘श’सारखी घसरत सुटते. ज्याच्या कानाला हा ध्वनी परका आहे, त्याला कधी पहिला भाग ऐकू येतो, कधी दुसरा. एका खलाशाने ‘स’ ऐकला, दुसऱ्याने ‘त’. दोघेही अर्धे बरोबर होते. दोन वेगवेगळ्या चुका शेजारी ठेवल्या की त्यांच्या मधोमध खरा ध्वनी सापडतो, आणि कान्हेरीच्या दगडावर तो ‘च’ कोरलेलाच आहे.

हीच युक्ती पुन्हा अरबांच्या बाबतीत लागू पडते. अरबी भाषेतही ‘च’ नाही. अरब प्रवासी या किनाऱ्यावरच्या ‘सैमूर’ नावाच्या मोठ्या बंदराचे वर्णन करतात आणि ते ‘साद’ या अक्षराने लिहितात. चीन देशाला अरबी लोक ‘सीन’ म्हणतात, तोही याच ‘साद’ने. म्हणजे परक्या ‘च’च्या जागी ‘साद’ घालण्याचा त्यांचा रिवाज होता. अल्-बिरूनी ठाण्यापुढच्या प्रदेशात ‘जैमूर’ लिहितो. फारसी लिपीत ‘ज’ आणि ‘च’ यांत फक्त नुक्त्यांचा फरक : एक नुक्ता ‘ज’ला, तीन ‘च’ला. जुने लेखनिक बरेचदा एकावरच भागवत. ग्रीकांच्या ‘स’ आणि ‘त’सारखे हे अरबांचे ‘स’ आणि ‘ज’. पुन्हा मधोमध ‘च’.

तरीही केवळ ध्वनीवर विसंबून सैमूर म्हणजे चौल असे म्हणता आले नसते. किनाऱ्यावर मिळतीजुळती नावे पुष्कळ असतात. इथे दुसरी कसोटी लावतात ती क्रमाची. प्रवासी नाव चुकीचे ऐकेल, पण उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना बंदरे ज्या ओळीने लागतात ती ओळ सहसा मोडत नाही. पेरिप्लसमध्ये कल्याणनंतर सेमुल्ला. अल्-बिरूनीमध्ये सोपारा, मग ठाणे, मग जैमूर. जागा तीच राहते. तिसरी कसोटी समकालीन राजाची. अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी 304मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17च्या सुमाराला, स्वतः सैमूरला होता. तो सांगतो, की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, काही इथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. आणि तिथला अधिपती ‘जंज’ आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या वंशावळीत नेमका त्याच सुमाराला ‘झंझ’ नावाचा राजा येतो. ताम्रपट आणि प्रवासवर्णन एकमेकांना न विचारता एकच साक्ष देतात, तेव्हा संशयाला जागा उरत नाही.

आता ताम्रपटाकडे. खारेपाटणला सापडलेला शिलाहार अनंतदेवाचा ताम्रपट शके 1016चा, म्हणजे इसवी सन 1094चा आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी तो प्रसिद्ध केला. राजाने दोन अमात्यांच्या गलबतांना बंदरांतला जकातकर माफ केला, असा त्यातला विषय. बंदराला शब्द ‘वेलाकूल’. बंदरांची नावे दिली आहेत : श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. इथेही ‘म’ आहे. म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोक ‘चेमूल’च म्हणत होते, असे ठरवून मी एकेकाळी मोकळा झालो होतो.

ती घाई होती. त्याच यादीतली शेजारची नावे पाहा. ठाण्याला ‘श्रीस्थानक’ म्हटले आहे आणि सोपाऱ्याला ‘शूर्पारक’. पण त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी अल्-मसूदी याच गावांना ‘ताना’ आणि ‘सुबारा’ म्हणतो. बाजारात ‘ठाणे’ झालेले होते, तरी राजाचा लेखक ताम्रपटावर ‘श्रीस्थानक’च लिहीत होता. ताम्रपट हा कायद्याचा कागद. त्यात नावे औपचारिक संस्कृत वेषात येतात, जशी आज सातबाऱ्यावर एक आणि तोंडी दुसरे नाव असते. तेव्हा ताम्रपटातला ‘म’ एवढेच सांगतो, की लेखकवर्गाला जुने रूप ठाऊक होते. लोक काय बोलत होते हे तो सांगत नाही. ताम्रपटाची तारीख पक्की असते, पण त्यातल्या रूपाचे वय त्या तारखेहून कितीतरी जास्त असू शकते. ही गोष्ट उमगेपर्यंत माझी दोन वर्षे वाया गेली होती.

‘म’चे काय झाले ते मराठीच्या घरातच पाहायला मिळते. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ‘म’ आपल्याकडे ‘व’ होतो. ग्राम–गाव, नाम–नाव, आमलक–आवळा, श्यामल–सावळा, कुमार–कुवर, भ्रमर–भोवरा. हा ‘व’ सुरुवातीला कोरडा नव्हता, नाकातून येणारा होता. म्हणूनच आपले वडीलधारे ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी तो अनुस्वार कागदावरून गेला. उच्चारातून तो आधीच गेला होता. या नियमाने ‘चेमूल’चे ‘चेवूँल’ व्हायला हवे. पुढे ‘ऊ’च्या आधीचा ‘व’ गळतो, जसे ‘देवकुल’चे ‘देऊळ’ झाले. म्हणजे ‘चेऊल’. सतराव्या शतकातल्या मराठी कागदांत हेच रूप नांदते आहे.

मधली ‘व’ची पायरी कोणी पाहिली आहे का? पाहिली आहे, आणि तीही अशा दोघांनी ज्यांच्या भाषेत ‘च’ होता. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी 1470च्या आगेमागे इथे उतरला. रशियन लिपीत ‘च’साठी स्वतंत्र अक्षर आहे, त्याने ‘चिविल’ लिहिले. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा इटालियन प्रवासी वर्थेमा लिहितो ते रूप इटालियन वर्णरीतीने ‘चेवुल’ असे वाचले जाते. ग्रीकांना आणि अरबांना जो ध्वनी हजार वर्षे साधला नाही तो या दोघांनी सहज लिहिला, आणि दोघांनीही ‘म’ न लिहिता ‘व’ लिहिला. प्रवाशाचे म्हणणे ऐकण्याआधी त्याच्या कानाची मर्यादा तपासावी लागते, ती अशी.

पण हा ‘व’ किती जुना? सहाव्या शतकातला कोस्मास नावाचा ग्रीक लेखक पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत कल्याणनंतर ‘सिबोर’ देतो. क्रमाने हे चेमूलच्या जागी बसते. हा ‘ब’ मला बरीच वर्षे छळत होता. मग लक्षात आले, की कोस्मासच्या काळापर्यंत ग्रीक ‘बीटा’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ राहिला नव्हता, ‘व’ झाला होता. म्हणजे तो ‘सिवोर’ लिहितो आहे. तसे असेल तर ‘म’चा नाकातला ‘वँ’ होण्याची सुरुवात सहाव्या शतकातच झालेली दिसते. मग चारशे वर्षांनी अरब ‘म’ का लिहितात? नाकातून येणारा ‘वँ’ हा धड ‘म’ही नव्हे आणि धड ‘व’ही नव्हे. एकाने त्यात ‘व’ ऐकला, दुसऱ्याने ‘म’. किंवा अरबांकडे नावाचे जुनेच रूप दर्यावर्दी परंपरेने चालत आलेले असेल. पहिली शक्यता मला अधिक पटते, पण हा माझा तर्क आहे आणि तो कोस्मासच्या एका शब्दावर उभा आहे. एका शब्दावर इमला बांधू नये, याची जाणीव ठेवूनच तो मांडतो. कोस्मास आणि अरब या दोघांकडेही शेवटी ‘ल’ऐवजी ‘र’ आहे. बहुधा दोघांनाही हे नाव आखातातल्या फारसी खलाशांच्या तोंडून मिळाले असावे.

आता पोस्टकार्डावरचा तो ‘ल’. इथे मला वाटले होते त्यापेक्षा मोठी अडचण निघाली. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो : कमल–कमळ, देवकुल–देऊळ, राजकुल–राऊळ. मग ‘चेमूल’चे ‘चेऊळ’ व्हायला हवे होते. ‘चेऊल’ का राहिले? मराठीत ‘ल’ टिकतो तो बहुधा जिथे प्राकृतात दुहेरी ‘ल्ल’ होता तिथे. प्राकृत ‘तेल्ल’चे मराठी ‘तेल’ झाले, तेळ झाले नाही. तेव्हा मूळ नाव ‘चेमुल्ल’ असू शकेल. कान्हेरीच्या लेखात द्वित्त दिसणार नाही हे आपण पाहिलेच. पण ग्रीकांकडे पाहा : सेमुल्ला, सिमुल्ला. दोन्हीकडे दुहेरी ‘ल’ आहे. दगडावरच्या लिपीला जे दाखवता येत नव्हते ते ग्रीक लिपीने टिपलेले असू शकते.

‘असू शकते’ असेच म्हणतो, कारण त्याच टॉलेमीच्या ‘तिमूला’त एकच ‘ल’ आहे आणि ताम्रपटातही एकच. शिवाय ग्रीक लोक परकी नावे आपल्या भाषेच्या वळणावर बसवून घेत. ‘उल्ला’ हा शेवट त्यांच्या कानाला गोड लागला असेल. पेरिप्लसची तर एकच जुनी हस्तलिखित प्रत उरली आहे, दहाव्या शतकातली, आज हायडेलबर्गला असलेली. मूळ ग्रंथ आणि ती प्रत यांत नऊशे वर्षांचे अंतर आहे. दुसरे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलींत ‘ळ’ नसतोच, तिथे ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. देशावरचा नियम बंदरावरच्या नावाला लावणे हीच कदाचित चूक असेल. ज्यांनी हे नाव दोन हजार वर्षे बोलून जिवंत ठेवले, त्यांच्या तोंडी ते ‘ल’नेच संपत राहिले असेल. या दोन उत्तरांपैकी मी दुसऱ्याकडे झुकतो, कारण त्यासाठी ग्रीक लेखनिकांवर भरवसा ठेवावा लागत नाही.

शेवटची पायरी ‘चेऊल’चे ‘चौल’. पोर्तुगीज आरंभापासून ‘चाउल’ लिहितात. 1508ची प्रसिद्ध आरमारी लढाई याच नावाने इतिहासात गेली. पुढे इंग्रजी नकाशांनी तेच अक्षरलेखन उचलले आणि आज फलकावर ‘चौल’ आहे. बोलण्यात ‘चेऊल’चे ‘चौल’ आपोआपही होऊ शकले असते, त्यामुळे सगळे श्रेय पोर्तुगिजांना देता येत नाही. पण आडनावांनी जुने रूप सांभाळून ठेवले आहे. ‘चौलकर’ आहेत तसे ‘चेऊलकर’ही आहेत. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे बेने इस्रायली नट डेव्हिड, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. गाव सोडून गेलेल्या माणसाबरोबर नावाचे त्या वेळचे रूपही जाते. गावातले बदलते, त्याचे बदलत नाही.

नावाचा माग काढताना जागेचाही काढावा लागतो. पोर्तुगिजांचे ‘चाउल’ म्हणजे कुंडलिकेच्या मुखाजवळचे आजचे रेवदंडा. जुने देशी नगर त्याच्या अलीकडे, आजच्या चौलच्या वाड्यांत. त्यांच्या कागदांत खालचे चौल आणि वरचे चौल असा भेद आहे. तो न पाहता पोर्तुगीज वर्णन जुन्या शहराला लावले की सगळेच चुकते. कान्हेरीच्या लेखाचे ‘चेमूल’ याच परिसरात होते, याला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे केलेल्या उत्खननाने बळ दिले. जमिनीखाली सातवाहनकाळातली वस्ती निघाली.

सरकारी नावे मात्र टिकली नाहीत. सतराव्या शतकाच्या कागदांत ‘मुर्तजाबाद ऊर्फ चेऊल’ असे येते. मुर्तजाबाद हे दरबाराचे नाव, आणि ‘ऊर्फ’च्या पलीकडचे लोकांचे. दरबार गेला, ‘ऊर्फ’ गेला, चेऊल राहिले. ‘चंपावती’ही अशीच एका दरबाराची, पण तो दरबार पोथीचा.

एक प्रश्न वाचक विचारतीलच : ‘चेमूल’चा अर्थ काय? ही पद्धत नावाचे जुने रूप देते, अर्थ देत नाही. दोन हजार वर्षे मागे गेल्यावर जे रूप मिळते तेही कुठल्यातरी आधीच्या रूपाचा झिजलेला अवशेष असू शकते. तिथे थांबावे. तिथून पुढे गेले की माणूस पुन्हा चाफ्याच्या बनात शिरतो.

त्या शिक्षकांना मी अखेर उत्तर लिहिले. पायऱ्या मांडल्या : चेमूल, चेवूँल, चेवुल, चेऊल, चौल. ‘ल’बद्दलच्या दोन्ही शक्यता लिहिल्या आणि चंपावतीबद्दल माफी मागितली. पत्र परत आले. लिफाफ्यावर पोस्टमनने लिहिले होते, ‘मालक हयात नाहीत’. म्हणून ते उत्तर आज इथे छापतो आहे. स्मरणिकेतली ती चार पाने कुणाच्या संग्रही असतील, तर पहिल्या परिच्छेदावर त्यांनी कृपया काट मारावी.